चार्जर गाठण्याआधीचा अर्धा तास

ह्युंदाईची ‘आयोनिक ५’ ही विजेवरची मोटार २०२१ मध्ये आली, तेव्हा तिच्याबद्दल एक आकडा सगळीकडे सांगितला जात होता : १८ मिनिटं. ३५० किलोवॅटच्या चार्जरवर तिची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला एवढाच वेळ लागतो, असा कंपनीचा दावा होता. उन्हाळ्यात तो खरा ठरायचा. पण नॉर्वेसारख्या देशात हिवाळा सुरू झाला आणि तीच गाडी त्याच चार्जरवर तेवढ्याच चार्जसाठी दुप्पट, कधी त्याहूनही जास्त वेळ घेऊ लागली. चार्जरमध्ये बिघाड नव्हता आणि बॅटरीही नवीकोरी होती. ती फक्त थंड होती.

नॉर्वेत अशी तक्रार दुर्लक्षित राहत नाही. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ निव्वळ विजेवरच्या होत्या. तिथली ‘एनएएफ’ ही वाहनधारकांची संघटना २०२० पासून दर हिवाळ्यात ‘एल प्री’ नावाची चाचणी घेते. बर्फातल्या रस्त्यांवर कोणती गाडी किती किलोमीटर जाते आणि थंडीत चार्ज व्हायला किती वेळ घेते, हे त्यात मोजलं जातं. ह्युंदाईने २०२२ मध्ये आयोनिक ५ ची सुधारित आवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्यात बॅटरी प्रीकंडिशनिंगची सोय होती. गाडीच्या नकाशावर चार्जिंग स्टेशन हे मुक्कामाचं ठिकाण म्हणून टाकलं, की वाटेतच बॅटरी आपोआप तापू लागते.

यातली गंमत अशी, की बॅटरी तापवणारा हीटर थंड प्रदेशात विकलेल्या गाड्यांमध्ये आधीपासून होता. म्हणूनच हीटर असलेल्या जुन्या गाड्यांनाही पुढे नुसतं सॉफ्टवेअर बदलून ही सोय देता आली. तोवर गाडीला एकच गोष्ट ठाऊक नव्हती : आपण चार्जरकडे निघालो आहोत, आणि तिथे अमुक वेळाने पोहोचणार आहोत. ती गोष्ट नकाशाने सांगितली.

थंड बॅटरीला वीज का घेववत नाही

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होते, म्हणजे तिच्या आत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतात. ही दुसरी बाजू बहुतेक गाड्यांत ग्रॅफाइटची असते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि आयन त्या थरांच्या मधल्या जागेत शिरून बसतात. आयन नुसते ग्रॅफाइटच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचून भागत नाही. त्यांना आत सरकावं लागतं आणि मागून येणाऱ्यांना जागा करून द्यावी लागते.

एसटीच्या दारातून चढणारी माणसं डोळ्यांपुढे आणा. चढलेले प्रवासी भराभर मागच्या बाकांकडे सरकले, तर दारातून कितीही वेगाने माणसं घेता येतात. थंडीत मात्र आतले प्रवासी जागचे हलेनासे होतात. अशा वेळी रांग त्याच वेगाने आत ढकलली, तर माणसं पायरीवरच लटकून राहतात. बॅटरीत असे पायरीवर अडकलेले आयन ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू बनून चिकटतात. तज्ज्ञ याला लिथियम प्लेटिंग म्हणतात.

ही साधी गैरसोय नाही. चिकटलेल्या लिथियमपैकी काही पुन्हा कामाला येतं, बाकीचं कायमचं निकामी होतं. म्हणजे बॅटरीची साठवण क्षमता तेवढी घटते आणि ती परत मिळत नाही. हा धातू काही वेळा सुईसारखा वाढतो आणि सेलच्या आतल्या पातळ पडद्याला भोक पाडू शकतो. त्यातून आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो. शिवाय थंडीत आतला द्रव घट्ट होतो, त्यामुळे आयनांना विरोध वाढतो आणि थोडाच प्रवाह दिला तरी सेलचं व्होल्टेज लगेच वरच्या मर्यादेला जाऊन टेकतं.

यावर लक्ष ठेवण्याचं काम बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचं, म्हणजे बीएमएसचं असतं. बॅटरीत ठिकठिकाणी बसवलेल्या सेन्सरांवरून ती तापमान वाचते आणि आत्ता किती प्रवाह सोसेल हे ठरवून चार्जरला तेवढाच मागते. चार्जर ३५० किलोवॅटचा असला, तरी गाडीने ६० मागितले तर तो ६० च देतो. मालकाला वाटतं चार्जर मंद आहे. खरं तर गाडी आपली बॅटरी जपत असते.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. ही सगळी अडचण डीसी फास्ट चार्जिंगची आहे. घरच्या ७ किलोवॅटच्या चार्जरवर आयन इतक्या संथपणे येतात, की कडाक्याच्या थंडीचा अपवाद सोडला तर त्यांना आत सरकायला पुरेसा वेळ मिळतो. म्हणून रात्रभराच्या चार्जिंगसाठी बॅटरी मुद्दाम तापवण्याची गरज सहसा पडत नाही.

एक अंश तापवायला किती वीज

मोठी बॅटरी तापवणं म्हणजे किती काम, याचा अंदाज सोप्या हिशेबाने करता येतो. आयोनिक ५ च्या ७७ युनिटच्या बॅटरीचं वजन साडेचारशे किलोच्या पुढे जातं. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच, एक किलोवॅट-तास. त्या वजनातले सेल आणि त्यांच्यासोबत तापणारं पाणी नि धातू धरले, तर ही बॅटरी एक अंश सेल्सिअसने तापवायला साधारण एक दशांश युनिट लागतं. वीस अंशांनी तापवायची तर दोन युनिट. बाहेर गोठवणारी हवा असेल तर काही उष्णता वाटेतच निसटते, म्हणून तीन युनिट धरलेले बरे.

हीटर साधारण पाच किलोवॅटचा असेल, तर तीन युनिट उष्णता द्यायला त्याला जवळजवळ ३६ मिनिटं लागतात. या लेखातला सगळ्यात कामाचा आकडा हाच. बॅटरी चार्जरपाशी पोहोचून तापवता येत नाही, ती साधारण अर्धा-पाऊण तास आधी तापवायला घ्यावी लागते.

उष्णता आणायच्या पद्धती कंपनीगणिक वेगळ्या. ह्युंदाई-कियाच्या गाड्यांत विजेचा हीटर बॅटरीभोवती फिरणारं शीतक-पाणी तापवतो. टेस्लाने मॉडेल ३ मध्ये बॅटरीसाठी वेगळा हीटरच ठेवला नाही. तिथे मोटारीच्या वेटोळ्यांत मुद्दाम अशा रीतीने वीज सोडतात, की तिचं रूपांतर जोराऐवजी उष्णतेत व्हावं. ती उष्णता पाण्यावाटे बॅटरीत जाते. टेस्लाने मार्च २०१९ मध्ये २५० किलोवॅटचे नवे सुपरचार्जर आणले, त्यांच्याबरोबरच ‘ऑन-रूट बॅटरी वॉर्मअप’ ही सोय दिली आणि तिने चार्जिंगचा सरासरी वेळ २५ टक्क्यांनी घटतो असं सांगितलं. बॅटरी किती तापवायची, हेही प्रत्येक कंपनी आपल्या सेलच्या रसायनानुसार ठरवते. ह्युंदाई वीस-पंचवीस अंशांच्या आसपास समाधान मानते, टेस्ला चाळिशीच्याही पुढे नेते.

हे काम नकाशाकडेच का

हीटर आहे, तर बॅटरी कायमच उबदार का ठेवू नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर वरच्या तीन युनिटांत आहे. तीन युनिटांत ही गाडी हिवाळ्यात बारा-चौदा किलोमीटर जाते. रोज ऑफिसला जाऊन घरी रात्री चार्ज करणाऱ्याने रोज एवढी वीज बॅटरी तापवण्यात घालवली, तर त्याला त्या बदल्यात काहीच मिळत नाही. उष्णतेचा मोबदला मिळतो तो फक्त फास्ट चार्जरला गाडी लावण्याच्या क्षणी. म्हणून तो क्षण कधी येणार हे गाडीला आधी कळायला हवं.

नकाशातून गाडीला तीन गोष्टी एकदम कळतात. जायचं ठिकाण डीसी चार्जर आहे, तिथे पोहोचायला किती मिनिटं उरली आहेत, आणि पोहोचेपर्यंत बॅटरीत किती चार्ज उरेल. बॅटरीचं आत्ताचं तापमान गाडीला ठाऊक असतंच. या चौघांवरून ती हीटर कधी सुरू करायचा हे ठरवते. चार्जर दोन तास लांब असेल, तर ती लगेच काही करत नाही. वेळ जवळ आली की हीटर सुरू होतो. बॅटरी आधीच पुरेशी गरम असेल, तर तो सुरूच होत नाही.

ई-६ वरचा एक दिवस

आता हा हिशेब रस्त्यावर मांडून पाहू. ऑस्लोहून ट्रोन्हाइमला जाणारा ई-६ हा नॉर्वेचा मुख्य उत्तर-दक्षिण रस्ता. अंतर पाचशे किलोमीटरच्या थोडं आत. जानेवारीची सकाळ आहे, बाहेर उणे १२ अंश, गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती, पण चार्ज पूर्ण आहे असं धरू. वापरता येण्याजोगे ७४ युनिट धरू आणि एवढ्या थंडीत केबिनच्या हीटरसकट १०० किलोमीटरला २२ युनिट लागतात असं धरू.

पहिला थांबा गुडब्रान्सडालेनच्या खोऱ्यात, रिंगेबूच्या आसपास, ऑस्लोपासून सुमारे २४० किलोमीटरवर. तिथे पोहोचेपर्यंत सुमारे ५३ युनिट खर्च होतील. चालत्या गाडीत बॅटरीही थोडी तापते, पण शांतपणे ९० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत फार नाही. ती या वेळेला पाच अंशांवर आली आहे असं समजू.

आधी न तापवता पोहोचलो तर काय होतं ते पाहू. बॅटरीत २१ युनिट, म्हणजे २८ टक्के चार्ज असेल. ८० टक्क्यांवर न्यायला ३८ युनिट हवेत. पाच अंशांवरची बॅटरी सुरुवातीला साठ-सत्तर किलोवॅटच मागेल. मग चार्जिंगच्या प्रवाहानेच ती हळूहळू तापेल आणि वेग वाढत जाईल. सरासरी ७५ किलोवॅट धरले, तर वेळ लागेल अर्धा तास.

आता निघताना नकाशावर हाच चार्जर टाकला असं धरू. पोहोचायच्या सुमारे पाऊण तास आधी हीटर सुरू होईल आणि तीन युनिट खाईल. म्हणजे पोहोचताना २८ ऐवजी २४-२५ टक्केच चार्ज उरेल आणि भरायचे युनिट ३८ ऐवजी ४१ होतील. पण पंचवीस अंशांवरची बॅटरी पहिल्या मिनिटापासून मोठा प्रवाह घेईल. सरासरी १४० किलोवॅट धरले, तर १८ मिनिटांत काम संपेल. तीन युनिट जास्त भरूनसुद्धा बारा मिनिटं वाचली.

हे आकडे अंदाजाचे आहेत आणि चार्जर, वारा, टायर यांनुसार ते हलतील. पण त्यातून सौद्याचं स्वरूप कळतं : तीन युनिटांची वीज देऊन बारा मिनिटं मिळतात. घाई नसेल आणि तिथे जेवायलाच अर्धा तास थांबायचं असेल, तर हा सौदा फायद्याचा नाही. अशा वेळी ही सोय बंद ठेवलेली बरी. बॅटरी जास्त थंड आणि चार्जर जास्त ताकदीचा असेल, तसतसा सौदा फायद्याचा होत जातो. पण चार्जर ५० किलोवॅटचाच असेल, तर पाच अंशांवरची ही बॅटरीदेखील ते सगळे घेऊ शकते, मग तापवण्यावर घातलेली वीज जवळपास वाया जाते.

दुसरा थांबा डोव्रेफ्येलचा डोंगर ओलांडून ओप्पडालला. रिंगेबूला मोठ्या प्रवाहाने चार्ज झालेली बॅटरी तिथून निघतानाच उबदार असते आणि साडेचारशे किलोंचं ते वजन लवकर निवत नाही. त्यामुळे दुसऱ्या खेपेला गाडीला थोडंच तापवावं लागतं. दिवसातला पहिला चार्ज सगळ्यात खर्चिक असतो आणि म्हणूनच तो नकाशावर टाकायला विसरू नये.

गाडीला कसं सांगायचं

आयोनिक ५ मध्ये दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, पडद्यावरच्या EV मेनूतल्या सेटिंगमध्ये “Battery Conditioning Mode” चालू असायला हवा. हे एकदाच करायचं काम. दुसरी, प्रत्येक खेपेला गाडीच्या स्वतःच्या नकाशावर डीसी फास्ट चार्जर हे मुक्कामाचं ठिकाण म्हणून निवडायचं. ते चार्जिंग स्टेशनांच्या यादीतून निवडायला हवं. चार्जर जिथे आहे त्या हॉटेलचं किंवा पेट्रोल पंपाचं नाव टाकलं, तर गाडीसाठी ते फक्त हॉटेल किंवा पंप असतो.

शेवटचा मुक्काम वेगळा असेल आणि चार्जर वाटेत येत असेल, तर तो वाटेतला थांबा म्हणून घालता येतो. पण सगळ्या गाड्या आणि सगळ्या सॉफ्टवेअर आवृत्त्या असा मधला थांबा सारख्याच रीतीने ओळखत नाहीत. खात्रीचा मार्ग म्हणजे आधी चार्जरलाच मुक्काम मानायचं आणि चार्ज झाल्यावर पुढचं ठिकाण टाकायचं.

टेस्लात वेगळं सेटिंग शोधावं लागत नाही. सुपरचार्जर किंवा नकाशात दिसणारा दुसरा फास्ट चार्जर निवडला, की वेळ आल्यावर बॅटरी तापवत असल्याची सूचना पडद्यावर येते. पोलस्टार आणि व्होल्वोच्या बऱ्याच गाड्यांत गूगल मॅप्स गाडीच्याच यंत्रणेत बसवलेला असतो, तिथे त्या नकाशात चार्जर निवडला की पुरतं. काही नव्या गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगनच्या ‘आयडी ७’ मध्ये, चार्जिंगच्या मेनूतून हाताने सुरू करायचं बटणही आहे. बटणाचा फायदा उघड आहे, पण ते अर्धा-पाऊण तास आधी दाबायचं, हे मग चालकालाच लक्षात ठेवावं लागतं.

नेमकं कुठे फसतं

सगळ्यात जास्त वेळा फसतं ते फोनच्या नकाशामुळे. आपल्याला फोन गाडीला जोडून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवर वाट बघण्याची सवय असते. पडदा गाडीचा दिसतो, पण नकाशा फोनच्या आत चालतो, आणि आपण चार्जरकडे निघालो आहोत ही बातमी बहुतेक वेळा बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे फोनवर रस्ता अचूक दिसत राहतो आणि बॅटरी थंडच राहते. फोनचाच नकाशा आवडत असेल, तर तोच चार्जर गाडीच्या नकाशातही टाकून ठेवावा आणि त्याचा आवाज बंद करावा. मात्र काही गाड्यांत फोनचा नकाशा सुरू झाला, की गाडीचा रस्ता रद्द होतो. तेव्हा एकदा पडदा बदलून गाडीचा रस्ता चालू आहे ना, हे पाहून घ्यायला हवं.

हिवाळ्यात जर्मनी, नॉर्वे किंवा कॅनडात नातेवाइकांकडे गेलेल्या मराठी माणसांच्या वाट्याला ही चूक हमखास येते, कारण भाड्याच्या गाडीत बसल्याबसल्या पहिल्यांदा फोन जोडला जातो. अशा वेळी गाडी ताब्यात घेतानाच तिच्या स्वतःच्या नकाशावर एखादा फास्ट चार्जर शोधून पाहावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि भाषा किंवा मेनू अनोळखी असेल तर ते पार्किंगमध्ये उभं राहून करणंच बरं.

दुसरी चूक वेळेची. थंडीत सकाळी घरातून निघून दहा मिनिटांवरच्या चार्जरवर जायचं असेल, तर नकाशावर टाकूनही उपयोग होत नाही. पाच किलोवॅटचा हीटर दहा मिनिटांत पाऊण-एक युनिटपेक्षा जास्त उष्णता देऊच शकत नाही, म्हणजे बॅटरी जेमतेम सात-आठ अंशांनी तापेल. अशा वेळी चार्ज करायची वेळ बदलणं हाच उपाय आहे. रात्री लांबून येताना बॅटरी उबदार असते, तेव्हाच चार्ज करून घ्यावं. सकाळसाठी ठेवलं की ती पुन्हा गोठते.

तिसरी अडचण उरलेल्या चार्जची. तापवण्याच्या नादात गाडी रस्त्यातच बंद पडू नये म्हणून कंपन्यांनी एक खालची मर्यादा ठेवलेली असते. आयोनिक ५ मध्ये चार्ज साधारण पाव भागाच्या खाली उतरला, की हीटर सुरू होत नाही. पाच-सात टक्क्यांवर चार्जर गाठायची सवय असलेल्या चालकाला मग बॅटरी थंडच मिळते. आपल्या ई-६ वरच्या हिशेबात आपण २४-२५ टक्क्यांवर पोहोचलो ते यामुळेच. आणखी चाळीस किलोमीटर पुढचा चार्जर निवडला असता, तर तापवायची वेळ येईपर्यंत चार्ज मर्यादेच्या जवळ आला असता आणि शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या टप्प्यात हीटर बंदच राहिला असता.

बॅटरी तापते आहे की नाही, हे कसं ओळखायचं? आयोनिक ५ मध्ये चालकासमोरच्या पडद्यावर बॅटरीच्या चिन्हाजवळ तापलेल्या कॉइलसारखं चिन्ह दिसतं. त्याशिवाय EV मेनूत वीज कशावर खर्च होते हे दाखवणारं पान असतं. त्यात गाडी चालवणं, केबिनची हवा, इलेक्ट्रॉनिक्स अशा ओळींबरोबर “Battery Care” अशीही ओळ असते. तिच्यासमोर शून्याऐवजी काही किलोवॅट दिसू लागले, की समजायचं हीटर सुरू झाला. चार्जर वीस मिनिटांवर आला तरी तिथे शून्यच असेल, तर एक तर बॅटरी आधीच पुरेशी गरम आहे, नाही तर वरच्या तीन चुकांपैकी एखादी झाली आहे.

चार्जरला गाडी लावल्यावर तर निदान आणखी सोपं होतं. पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा पाच-सात मिनिटं बघत राहा. तो कमी आकड्यापासून सुरू होऊन हळूहळू चढत गेला, तर बॅटरी थंड होती. सुरुवातीपासून एकाच आकड्यावर चिकटून राहिला, समजा ५० किंवा १२०, तर मर्यादा चार्जरची आहे, किंवा शेजारच्या गाडीबरोबर वीज वाटून घेतली जात आहे. सुरुवातीला मोठा आकडा दाखवून मग पायरीपायरीने उतरत गेला, तर सगळं ठीक आहे. बॅटरी भरत आली की प्रवाह घटतोच, आणि ८० टक्क्यांनंतर तर कितीही तापवलेली बॅटरी संथच चार्ज होते. तक्रार करण्याआधी या तिन्हींपैकी काय घडतंय हे पाहिलं, तर दोष कुणाचा ते कळतं.

महाराष्ट्रात याचं काय

आयोनिक ५ जानेवारी २०२३ पासून भारतात मिळते, टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडलं. म्हणजे ज्या गाड्यांमुळे ही सोय जगभर चर्चेत आली, त्या आता इथल्या रस्त्यांवर आहेत. पण मुंबई-पुण्याच्या हवेत बॅटरी तापवायची वेळ फारशी येत नाही. एक्स्प्रेसवेवर तासभर धावलेली बॅटरी बहुतेक ऋतूंत तिशीच्या घरात किंवा त्यावर असतेच. शिवाय रस्त्यावरचे बरेच चार्जर ३० किंवा ६० किलोवॅटचे आहेत. डिसेंबरातल्या नाशिकच्या पहाटेही एवढा प्रवाह घ्यायला मोठ्या गाडीची बॅटरी सहसा कुरकुरत नाही.

इथे प्रश्न उलटा असतो. मे महिन्यात विदर्भातल्या महामार्गावर भरधाव आलेली बॅटरी आधीच चाळिशीला टेकलेली असते. फास्ट चार्जिंगने ती आणखी तापते आणि वरच्या मर्यादेजवळ जाऊ लागली, की बीएमएस पुन्हा प्रवाह कमी करते. काही गाड्या नकाशावर चार्जर दिसला, की याच कारणाने बॅटरी आधीपासून थंड करायला घेतात. त्यासाठी एसीच्या कॉम्प्रेसरने शीतक-पाणी गार केलं जातं. ज्या गाडीत हे आपोआप होत नाही, तिथे चार्जरच्या आधीचे शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर वेग कमी ठेवणं आणि शक्य असेल तर सावलीत लावून चार्ज करणं, एवढं चालकाच्या हातात असतं. ज्या स्वस्त गाड्यांत बॅटरीला पाण्याने गार करायची सोयच नसते, त्यांना उन्हात लागोपाठचे फास्ट चार्ज जड जातात. अशा गाडीने लांबचा प्रवास आखताना प्रत्येक थांब्याला थोडा वेळ जास्त धरावा.

लडाख किंवा हिमाचलला हिवाळ्यात विजेची गाडी नेणाऱ्यांना मात्र नॉर्वेचाच हिशेब लागू पडतो, आणि त्यांची अडचण दुप्पट असते. डोंगराळ भागात चार्जर विरळ असतात, त्यामुळे गाडी अगदी कमी चार्जवर पोहोचते आणि नेमका त्याच वेळी हीटर काम करायचं नाकारतो. तिथे वाटेत मिळालेल्या प्रत्येक चार्जरवर थोडं थोडं भरत जावं आणि चार्ज तीस टक्क्यांखाली उतरू देऊ नये. पुढचा चार्जर चालू आहे याची फोन करून खात्री करून घ्यावी आणि मगच तो गाडीच्या नकाशावर टाकावा. नाही तर बंद पडलेल्या चार्जरसाठी तीन युनिट जाळून आपण आणखी बारा किलोमीटरची वाट गमावून बसतो.